आकडा शेवटी फिरवा : थंडीतल्या सकाळी बोटातून थेंब कसा काढावा

जानेवारीतली सकाळ. सव्वासहा वाजलेले. वाईजवळच्या आमच्या गावी आत्या पडवीत शाल गुंडाळून बसली होती आणि मी तिची उपाशीपोटीची शुगर बघत होतो. टोचायच्या पेनचा, सुई किती खोल जाईल ते ठरवणारा आकडा २ वर होता. टोचलं, काहीच आलं नाही. ३ वर केलं, दुसरं बोट धरलं. सुईच्या टोकाएवढा लाल ठिपका आला, तो मी दाबून दाबून कसाबसा मोठा केला, तर पट्टी अर्धी भरून मीटरवर एरर. पट्टी वाया. मग वैतागून आकडा थेट ५ वर नेला. रक्त आलं, पण आत्या कळवळली. त्या बोटाने तिला दिवसभर भाकरी थापवेना.

"आरं, तू लॅबमधला ना?" एवढंच ती म्हणाली.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं काढली आहेत. पण लॅबमध्ये आम्ही दंडाला पट्टा बांधून शिरेतून रक्त घेतो. बोटाच्या टोकाचं गणित निराळं असतं. तिथे शीर शोधायची नसते, कातडीखालच्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांमध्ये त्या घटकेला रक्त आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. त्या सकाळी आत्याच्या बोटांत ते फारसं नव्हतंच. सुई कितीही खोल घातली तरी रिकाम्या हौदातून पाणी कुठून येणार? माझी चूक ही की थेंब आला नाही म्हणताच मी पहिल्यांदा आकड्याला हात घातला. बहुतेक जण तेच करतात. खरं तर आधी हात ऊबदार करायचे, मग बोट आणि त्याची बाजू ठरवायची, आणि आकडा सगळ्यांत शेवटी फिरवायचा.

आधी ऊब

थंडी लागली की शरीर आतली ऊब वाचवायला बघतं आणि हातापायांच्या टोकांकडच्या रक्तवाहिन्या आवळून धरतं. बोटांच्या टोकांना तर हे फार लवकर होतं. म्हणून गार बोट फिकट दिसतं आणि दाबून सोडलं तर त्यावर लाली परतायला वेळ लागतो. टोचण्याआधी हीच खूण बघावी. बोटाचं टोक दोन सेकंद दाबून सोडा. लगेच गुलाबी झालं तर पुढे जा. पांढरा डाग बराच वेळ रेंगाळत राहिला तर अजून टोचायची वेळ आलेली नाही.

सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे कोमट पाण्यात हात ठेवणं. आत्याकडे सकाळी बंब पेटलेला असतोच. एका घमेल्यात बंबातलं आणि माठातलं पाणी मिसळून मनगटापर्यंत हात बुडवायचे आणि तीन-चार मिनिटं तसेच ठेवायचे. पाणी बाळाच्या अंघोळीला घेतो तितपतच गरम असावं. त्याहून कढत केल्याने थेंब लवकर येत नाही, कातडी मात्र भाजते. इथे एक काळजी घ्याच. ज्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे त्यांच्या हातापायांची संवेदना कमी झालेली असू शकते. आत्याला पाणी "बरं वाटतंय" म्हणजे ते बरंच असेल असं नाही. त्यामुळे पाण्यात कोपर घालून मी बघतो, किंवा सूनबाई बघतात. चुलीवर हात शेकणं, गरम पाण्याची पिशवी बोटांवर धरणं, निखाऱ्याजवळ बसणं, हे मी करू देत नाही.

याच पाण्यात साबणाने हात धुवून होतात, हा दुसरा फायदा. तो किती मोठा आहे ते मला गुळाने शिकवलं. एकदा आत्याची उपाशीपोटीची शुगर २४१ आली. आदल्या आठवड्यात ती १४० च्या आसपास होती. घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. मग लक्षात आलं की तिने नुकताच इतरांच्या चहासाठी गुळाचा खडा फोडला होता. बोटाला लागलेला गूळ रक्ताच्या थेंबात विरघळला आणि मीटरने तोही मोजला. साबणाने हात धुवून, पुसून, दुसऱ्या बोटातून बघितलं तर १३८. थेंब एवढासा असतो की डोळ्यांना न दिसणारा गोडवाही आकडा कुठल्या कुठे नेतो. गुऱ्हाळावर काम करणारे असोत की तासगावकडे द्राक्षं तोडणारे, त्यांनी तर ही गोष्ट ध्यानात ठेवलीच पाहिजे. नुसता स्पिरिटचा बोळा फिरवून फळाचा रस किंवा गूळ पुरता निघेलच असं नाही. त्याला पाणी आणि साबणच हवा.

हात धुतल्यावर कोरडे करणंही तितकंच महत्त्वाचं. ओल्या बोटावर थेंब गोल राहत नाही, रेघांमधून पसरतो, आणि पाणी मिसळल्याने आकडा खोटाच कमी येऊ शकतो. नखाच्या कडेला पाणी अडकून राहतं, तिथे टॉवेलचं टोक फिरवा. स्पिरिट वापरलंच तर ते पूर्ण उडून जाऊ द्या. ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं, आणि आपल्याला वाटतं सुईच लागली. रोज स्पिरिट लावून कातडी कोरडी आणि राठ होते ते वेगळंच.

ही ऊब फार वेळ टिकत नाही. पडवीत गार वारा असेल तर दोन-तीन मिनिटांत बोटं पुन्हा गार. म्हणून हात पाण्यात घालण्याआधीच सगळी तयारी करून ठेवायची. पेनमध्ये नवीन लॅन्सेट म्हणजे टोचायची सुई बसवलेली, मीटर आणि पट्ट्यांची डबी शेजारी, कापूस हाताशी. डबीचं झाकण मात्र बंद ठेवा, पट्ट्यांना दमट हवा सोसत नाही. आणि नुसते हात तापवून भागत नाही. अंग कुडकुडत असेल तर शरीर हातांकडचं रक्त पुन्हा ओढून घेतं. आत्याला आता मी आधी स्वेटर आणि पायमोजे घालायला लावतो, पडवीऐवजी माजघरात बसवतो आणि मगच घमेलं आणतो.

मिश्रीचंही इथेच सांगून टाकतो. आमच्याकडे बऱ्याच बायका उठल्या उठल्या मिश्री लावतात, आत्याही लावते. तंबाखूतल्या निकोटिनने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात. सोड म्हणून मी वीस वर्षं सांगतोय, ते काही ती ऐकत नाही. पण मिश्री शुगर बघून झाल्यावर लाव, एवढं तिने मान्य केलं. बिडी ओढणाऱ्यांनाही हेच लागू.

कुठलं बोट, कुठली बाजू

बोटाचं टोक समोरून बघा. मधला मऊ फुगीर भाग म्हणजे ज्याने आपण धान्य निवडतो, मोबाईलवर बोट फिरवतो, भाकरीचा चटका जोखतो. स्पर्शाची जाण तिथे सर्वांत तीव्र असते, म्हणून टोचल्याची कळही तिथेच जास्त, आणि दिवसभर दुखतंही तेच. थेंब काढायची जागा म्हणजे टोकाची कड. हात पालथा नव्हे, उताणा ठेवा. फुगीर भागाचा मध्य आणि नख यांच्या मधोमध, जरा बाजूला. अगदी नखाला लागून टोचू नका, तिथे मांस कमी आणि ठणका जास्त. अगदी शेंड्यावरही नको.

दोन्ही हातांची करंगळी, अनामिका आणि मधलं बोट अशी सहा बोटं होतात, आणि प्रत्येकाच्या दोन कडा धरल्या तर बारा जागा. अंगठा आणि तर्जनी मी सहसा वगळतो, कारण चिमटीचं सगळं काम त्यांच्यावर असतं. तिथे कातडी घट्ट होते, आणि दुखलं तर अडूनही तिथेच बसतं. आत्याच्या उजव्या तर्जनीवर तर विळीने आणि खुरप्याने असा घट्टा पडला आहे की सुई बोथट व्हावी. शिवाय मिश्रीचं बोट तेच.

बारा जागा म्हणजे दिवसातून एकदा बघणाऱ्याची एका जागेवर पुन्हा पाळी बाराव्या दिवसानंतर येते. इन्सुलिनवर असलेल्यांना दिवसातून चारदा बघावं लागलं तरी मध्ये तीन दिवसांची सुट्टी मिळते. अडचण अशी की माणूस सवयीने एकच "चांगलं" बोट धरतो. आत्याच्या डाव्या अनामिकेची एकच कड मी महिनाभर टोचत होतो, कारण तिथून रक्त लवकर यायचं. मग हळूहळू ते बंद झालं. नीट बघितलं तर तिथे बारीक काळपट ठिपक्यांची रांग आणि खाली टणक कातडी. जी जागा आपण सारखी वापरतो तीच आपल्या हाताने नासवतो.

आता आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. "डा. अ. आ." म्हणजे डाव्या हाताची अनामिका, आतली कड, म्हणजे मधल्या बोटाकडची. "बा." म्हणजे करंगळीकडची. डाव्या करंगळीपासून सुरुवात करून उजव्या करंगळीपर्यंत जायचं आणि परत फिरायचं. जिथे चीर पडली आहे, सूज आहे किंवा कालचं दुखतंय, ते बोट त्या दिवशी सोडून द्यायचं.

आता आकडा

पेनच्या टोपणावर १ ते ५ किंवा त्याहून जास्त आकडे असतात. आकडा वाढला की सुई जास्त आत जाते. सगळा खेळ एक-दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचा आहे, म्हणून एका घराचाही फरक पडतो. लहान मुलं आणि मऊ हातांची माणसं १-२ वर, बहुतेक मोठी माणसं २-३ वर आणि राबलेले राठ हात ४-५ वर, असा ढोबळ अंदाज. पण हा आकडा एका कंपनीच्या पेनवरून दुसऱ्या पेनवर तसाच उचलता येत नाही. पेन बदललं की पुन्हा २ पासून सुरुवात करायची.

लोकांना वाटतं आकडा जितका कमी तितकं दुखणं कमी. एका टोच्याचं तसं खरंही आहे. पण उथळ टोच्याने थेंब आला नाही तर दुसऱ्यांदा टोचावं लागतं, बोट पिळावं लागतं, आणि दोन उथळ टोचे आणि पिळणं मिळून एका पुरेशा टोच्यापेक्षा जास्त दुखतं. उलट घट्टा पडलेल्या कातडीचा वरचा थर मेलेला असतो. त्यात ना रक्त, ना संवेदना. त्या थरातून सुई गेलेली कळतही नाही, म्हणून राठ बोटाला ४ चा आकडा मऊ बोटाच्या २ इतकाच वाटू शकतो.

आकडा कसा ठरवला ते सविस्तर सांगतो. त्या फजितीनंतर आठवडाभर मी गावीच होतो. रोज पाणी, स्वेटर, कोरडे हात, आणि बोटाची कड, हे सगळं तेच ठेवलं आणि फक्त आकडा बदलला. पहिल्या दिवशी डाव्या अनामिकेवर २. थेंब आला, पण खसखशीएवढा, पट्टीला जेमतेम. दुसऱ्या दिवशी डावं मधलं बोट, ३. टोचल्यावर दोन-तीन सेकंदांत थेंब आपोआप उभा राहिला, एकदा हलकं चोळल्यावर राजगिऱ्याच्या दाण्याएवढा झाला, पट्टी भरली. आदल्या आठवड्यात गार हाताला याच ३ वर एरर आला होता, हे लक्षात घ्या. तिसऱ्या दिवशी डावी करंगळी ३ वर टोचली तर थेंब मोहरीएवढा होऊन ओघळला आणि कापूस बराच वेळ दाबावा लागला. म्हणजे तिथे जास्त झालं, चौथ्या दिवशी उजव्या करंगळीला २ पुरला. उजव्या मधल्या बोटाला मात्र खुरप्याच्या घट्ट्यामुळे ३ वर नुसता ठिपका, दुसऱ्या खेपेला ४ वर नीट थेंब. त्यामुळे आत्याचा एकच असा आकडा निघाला नाही. करंगळ्या २, उजवं मधलं बोट ४, बाकी ३. हेही कॅलेंडरच्या कोपऱ्यात लिहिलं.

आजकालच्या बहुतेक पट्ट्यांना एक मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी रक्त लागतं. राजगिऱ्याचा दाणा डोळ्यांसमोर ठेवा, तेवढा थेंब पुरतो. त्याहून मोठा सतत येत असेल तर आकडा एक घर खाली आणा. नीट ऊब देऊनही लागोपाठ दोन दिवस त्याहून छोटा येत असेल तर एकच घर वर न्या. माझ्यासारखं ३ वरून ५ वर उडी मारू नका.

आकड्याइतकंच महत्त्व पेन किती दाबून धरता याला आहे, आणि हे कुणी सांगत नाही. टोपण बोटावर जोरात रोवलं की मऊ मांस त्याच्या भोकातून आत फुगतं आणि सुई ठरलेल्यापेक्षा खोल जाते. नुसतं टेकवलं, किंवा मधे फट राहिली, तर उथळ जाते. आज २ वर भरपूर आणि उद्या ३ वर काहीच नाही, असं होत असेल तर बहुधा हातच बदलतो आहे. बोट टेबलावर किंवा मांडीवरच्या पाटावर टेकवा. अधांतरी बोट खटका ऐकताच मागे जातं. टोपण कातडीला पूर्ण टेकेल इतकंच दाबा आणि रोज तसंच दाबा.

लॅन्सेटच्या डब्यावर २८, ३०, ३३ असे जाडीचे आकडे असतात. हे उलटे चालतात, आकडा मोठा तर सुई बारीक. ३० ची सुई बहुतेकांना चालते. ३३ ने टोचलेलं कमी कळतं, पण राठ बोटातून तिने थेंब छोटा येतो. आपल्या पेनमध्ये बसणारीच घ्या. आणि दर वेळी नवीन. आत्या काटकसरीने एक सुई आठवडाभर चालवायची. सुईचं टोक एका वापरातच बोथटायला लागतं, मग ते टोचत नाही, फाडतं. पट्टीच्या किमतीपुढे लॅन्सेट फारच स्वस्त आहे. जुन्या सुईने एक पट्टी वाया घालवली की सगळी काटकसर गेली.

टोचल्यानंतरची काही सेकंदं

मीटरमध्ये पट्टी आधीच घालून ठेवा. टोचल्यावर लगेच पिळू नका. हात छातीपेक्षा खाली सोडा आणि तीन-चार आकडे मोजा. थेंब बहुतेक वेळा स्वतःहून डोकावतो. नाही आला तर तळव्यापासून बोटाच्या पेरांकडे हलका हात फिरवा, गाईच्या सडाला पान्हा फुटावा म्हणून हात फिरवतो तसा. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सोडणं गरजेचं, कारण सोडल्यावरच मागून नवीन रक्त भरतं. शेवटचं पेर, म्हणजे टोचलेल्या जागेलगतचा भाग, कचकन पिळायचा नाही. तिथे पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी बाहेर येतं आणि आकडा बिघडतो. थेंब लाल भडक न दिसता पातळ, पाणचट गुलाबी दिसला तर समजा हेच झालं. तो पुसून टाका.

हात साबणाने धुतले असतील तर पहिला थेंब चालतो. शेतात असताना पाणीच नसेल तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा घ्या. पट्टीचं टोक थेंबाच्या कडेला नुसतं लावायचं, ती स्वतः ओढून घेते. वरून रक्त चोपडू नका. अर्धी भरलेल्या पट्टीत नंतर भर घालता येते का, हे मीटरच्या माहितीपत्रकात बघा. तिथे तसं लिहिलेलं नसेल तर ती पट्टी गेली असं धरा. मग कापूस घट्ट धरून ठेवा. हा दाब नीट दिला तर बोट काळंनिळं पडत नाही, आणि उद्याचं दुखणं निम्मं इथेच कमी होतं.

पाण्याची वाट बघायची नाही तेव्हा

दरदरून घाम, थरथर, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं असतील तर घमेलं आणि कॅलेंडर बाजूला ठेवा. मिळेल त्या बोटातून, लागेल त्या आकड्यावर पटकन बघा. तेही जमत नसेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर आधी तीन चमचे साखर पाण्यातून द्या. गिळता येत नसेल तर तोंडात काही घालू नका, दवाखाना गाठा.

थंडीत बोटं आधी पांढरीफटक, मग निळी पडत असतील आणि ऊब दिल्यावर ठणकत लाल होत असतील, तर ती नुसती थंडी नव्हे, डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. त्याबद्दल विचारा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. थंडीचा त्रास मीटरलाही होतो. बहुतेक मीटर साधारण १० अंशांच्या खाली चालत नाहीत. महाबळेश्वरात वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, अशा दिवसांत रात्रभर खिडकीत ठेवलेलं मीटर सकाळी तापमानाची खूण दाखवून गप्प बसतं. त्याला शेकायचं नाही, घरात थोडा वेळ राहू द्यायचं.

आणि गावात मीटर आलं की शेजारपाजारचे "माझीबी बघ की" म्हणत येतातच. मीटर एक वेळ चालेल, पण पेन एका माणसाचंच. सुई बदलली तरी टोपणाला रक्त लागलेलं असू शकतं आणि त्यातून काविळीचा बी विषाणू पसरतो. शेजाऱ्यांसाठी मी एकदाच वापरता येणाऱ्या, टोचल्यावर आपोआप आत जाऊन बंद होणाऱ्या लॅन्सेट वेगळ्या ठेवल्या आहेत. वापरलेल्या सुया फिनेलच्या रिकाम्या जाड बाटलीत जमवतो आणि भरत आली की झाकण घट्ट लावून दवाखान्यात देतो. उकिरड्यावर टाकल्या तर त्याच शेणखतातून शेतात जातात, आणि तिथे बायका अनवाणी असतात.

गेल्या रविवारी सकाळी मी पोचलो तेव्हा आत्या माजघरात स्वेटर घालून बसली होती, हात घमेल्यात. कॅलेंडर बघून तिनेच सांगितलं, "आज उजवं मधलं, बाहेरची कड, चार." टोचलं, हात खाली सोडला. चार मोजायच्या आत थेंब उभा राहिला. १२९.

"आता दे ती मिश्रीची डबी," ती म्हणाली.